ईमेलच्या मायन्यातील नामक्रम

ईमेलच्या मायन्यातील नामक्रम म्हणजे एकच ईमेल निरनिराळ्या दर्जाच्या अनेक व्यक्तींना पाठविताना आरंभीच्या संबोधनात त्यांची नावे, पदनामे आणि आदरार्थी उपपदे कोणत्या क्रमाने व कोणत्या रूपात लिहावीत याविषयीचा संकेत होय. पत्राच्या आरंभीच्या संबोधनाला मराठीत 'मायना' म्हणतात. हा संकेत मुख्यतः कार्यालयीन व्यवहारातून घडत आला आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांतील मराठी ईमेलचा विचार केला असून इतर भाषांचा उल्लेख तुलनेपुरता आहे.

## पार्श्वभूमी

जुन्या मराठी पत्रात मायना एकाच व्यक्तीसाठी असे आणि त्या व्यक्तीचा दर्जा मायन्याच्या शब्दातच सामावलेला असे. वडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव' आणि परक्या प्रतिष्ठित गृहस्थांना 'राजमान्य राजश्री' (संक्षेपाने 'रा. रा.') असे लिहिले जाई. त्यापुढे मोठ्यांसाठी 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', तर धाकट्यांसाठी 'अ. उ. आ.' म्हणजे 'अनेक उत्तम आशीर्वाद' येई. घरातील इतर मंडळींची नावे पत्राच्या शेवटी येत आणि तेथेही प्रत्येकाला वेगळा नमस्कार किंवा आशीर्वाद असे. त्यामुळे दोन असमान व्यक्ती एकाच ओळीत शेजारी येण्याचा प्रसंग सहसा उद्भवत नसे. शब्दच दर्जा सांगत असल्याने क्रमावर ते काम सोपविण्याची गरज नव्हती.

कार्यालयीन पत्रव्यवहाराने दुसरी रीत रूढ केली. 'प्रति' या शब्दाखाली व्यक्तीच्या नावाऐवजी पदनाम येते, त्यानंतर 'विषय' व 'संदर्भ' आणि मग 'महोदय' किंवा 'महोदया' एवढेच संबोधन असते. पत्राची प्रत आणखी कोणाला द्यावयाची असेल, तर ती नोंद स्वाक्षरीनंतर पत्राच्या तळाशी केली जाते. या नोंदीत एक सूक्ष्म भेद पाळला जातो. वरिष्ठांना प्रत द्यावयाची असल्यास 'माहितीस्तव सविनय सादर' असे लिहितात. समकक्ष किंवा कनिष्ठ कार्यालयांना द्यावयाची असल्यास 'माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी अग्रेषित' किंवा 'रवाना' असे लिहितात. वरच्याकडे पत्र 'सादर' होते आणि खालच्याकडे ते 'रवाना' होते. शासन निर्णयांच्या अखेरीस येणाऱ्या प्रतींच्या यादीतही वरिष्ठ पदे आधी व इतर कार्यालये नंतर असा सर्वसाधारण क्रम असतो आणि शेवटची नोंद बहुधा 'निवडनस्ती' ही असते.

ईमेलमध्ये हा भेद दाखविण्यास वेगळी जागा नाही. पत्त्यासाठी To, Cc आणि Bcc अशा तीन ओळी असतात. ईमेलचे स्वरूप ठरविणाऱ्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५३२२ या तांत्रिक दस्तऐवजानुसार To मध्ये मुख्य प्राप्तकर्ते असतात, तर Cc मध्ये ज्यांना उद्देशून मजकूर नसला तरी ज्यांना प्रत मिळावयाची आहे असे प्राप्तकर्ते असतात. एका ओळीतील पत्त्यांच्या क्रमाला तांत्रिकदृष्ट्या काहीही अर्थ नाही. पहिला पत्ता कुलगुरूंचा असो वा लिपिकाचा, संदेश सर्वांना सारखाच पोहोचतो. 'सादर' आणि 'रवाना' दोन्ही एकाच Cc मध्ये मिसळले जातात. दर्जा दाखविण्याची जी कामे पूर्वी मायन्याचा शब्द आणि तळाची नोंद मिळून करीत, ती सर्व आता मायन्यातील क्रमावर येऊन पडली आहेत. नावे पुढेमागे झाल्याने कार्यालयात कुरबुर होते, ती यामुळेच.

## मायन्यात कोणाचे नाव घ्यावे

क्रम ठरविण्यापूर्वी मायन्यात कोण यावे हे ठरवावे लागते. सर्वसाधारण संकेत असा की, ज्यांचे पत्ते To मध्ये आहेत त्यांनाच संबोधावे. Cc मधील व्यक्ती साक्षीदार असते, तिच्याकडून उत्तराची किंवा कृतीची अपेक्षा नसते. तिचे नाव मायन्यात घातले की तिलाही काही करावयाचे आहे असा समज होतो. Bcc मधील व्यक्तीचे नाव मायन्यात येऊच नये, कारण तिला पत्र गेले आहे हे इतरांना कळू न देणे हाच त्या ओळीचा हेतू आहे. याउलट, ज्याचे नाव मायन्यात आहे त्याचा पत्ता To मध्ये टाकावयाचा राहून गेला, तर इतर सर्वांचा समज त्याला पत्र मिळाले असाच होतो. ही चूक बहुधा मागाहून, काम अडल्यावरच उघडकीस येते.

मायन्यात तीन, फार तर चार नावे सुखाने बसतात. त्यापलीकडे नावांची यादी मजकुराच्या आधी एक परिच्छेद अडविते आणि नावे जितकी अधिक तितके क्रमाविषयीचे आक्षेपही अधिक. अशा वेळी सामूहिक संबोधन वापरणे उचित ठरते. त्याचा विचार पुढे केला आहे.

To मधील पत्त्यांचा क्रम तांत्रिकदृष्ट्या निरर्थक असला तरी तो वाचणाऱ्याला दिसतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर बहुधा पहिली एक-दोन नावेच दिसतात आणि उरलेली झाकली जातात. मायन्यात प्राचार्य प्रथम आणि पत्त्यांत ते तिसरे, अशी विसंगती टाळण्यासाठी पत्तेही मायन्याच्या क्रमानेच भरणे सोयीचे असते.

## क्रमाचे निकष

पहिला निकष पदाचा. ज्या संस्थेच्या कामासाठी पत्र लिहिले जात आहे त्या संस्थेतील पदांची उतरंड येथे लागू होते. वय, पदवी किंवा सामाजिक प्रतिष्ठा लागू होत नाही. प्राचार्य चाळिशीचे आणि विभागप्रमुख निवृत्तीस आलेले असले तरी प्राचार्यांचे नाव आधी येते. घरगुती निमंत्रणपत्रिकेत वयाला जो मान असतो तो कार्यालयीन मायन्यात आणल्यास वयाने मोठ्या व्यक्तीलाही अवघडल्यासारखे होते. खाजगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांत आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. संस्थेचे अध्यक्ष व सचिव हे महाविद्यालयाचे नोकरदार नसतात, तरीही व्यवस्थापन त्यांच्याकडे असल्याने त्यांची नावे प्राचार्यांच्या आधी घेण्याचा प्रघात आहे.

या संदर्भात केंद्र शासनाच्या अग्रक्रम कोष्टकाचा दाखला पुष्कळदा चुकीने दिला जातो. राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी अधिसूचित केलेल्या या कोष्टकात राष्ट्रपतींपासून खाली पदांचा क्रम दिलेला आहे. मात्र त्याच्या टीपांमध्येच असे स्पष्ट केले आहे की, हा क्रम राजकीय व औपचारिक समारंभांसाठी असून शासनाच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही. म्हणून व्यासपीठावर कोणी कोठे बसावे यासाठी त्याचा आधार घेता येतो. कार्यालयीन ईमेलला तो बंधनकारक ठरत नाही. याच टीपांमधील दुसरी एक तरतूद मात्र मायन्यासाठी मार्गदर्शक आहे. कोष्टकातील एकाच अनुक्रमांकाखालील व्यक्तींमध्ये, जी व्यक्ती त्या दर्जावर आधी आली तिला अग्रक्रम मिळतो. दोन विभागप्रमुखांमध्ये जे आधी विभागप्रमुख झाले त्यांचे नाव आधी घेणे, ही कार्यालयांतील रीत याच तत्त्वाची आहे.

सेवाज्येष्ठता ठाऊक नसेल किंवा तिच्याविषयी वाद असेल, तर आडनावांचा वर्णानुक्रम घेतात. येथे लिपीचा प्रश्न येतो. देवनागरी वर्णमालेप्रमाणे 'कदम' हे 'बापट' यांच्या आधी येतात. रोमन लिपीत हीच आडनावे लिहिली तर बापट आधी व कदम नंतर येतात. संगणकातील कर्मचाऱ्यांची यादी बहुधा रोमन क्रमाने लावलेली असते आणि ती जशीच्या तशी मराठी मायन्यात उतरविली, तर वाचणाऱ्याला क्रम वर्णानुक्रमाचा वाटत नाही. मग त्यात दर्जाचा काही संकेत आहे की काय, असा शोध सुरू होतो. मराठी पत्रात मराठी वर्णानुक्रमच वापरावा, हे त्यावरचे सरळ उत्तर आहे.

पत्र आपल्या संस्थेबाहेरील व्यक्तींनाही जात असेल, तर पाहुण्या संस्थेतील नावे आधी आणि आपल्या संस्थेतील नावे नंतर घेतात. दोन्ही संस्थांच्या व्यक्ती दर्जानुसार एकमेकींत मिसळू नयेत. तसे केल्यास विद्यापीठाचे उपकुलसचिव मोठे की महाविद्यालयाचे प्राचार्य, असे न सुटणारे प्रश्न उभे राहतात. संस्थावार गट केले की ते विचारावेच लागत नाहीत.

## उपपदे आणि पदनामे

क्रम अचूक असूनही उपपदांमुळे मायना बिघडू शकतो. त्यातला सर्वांत मोठा दोष विषमतेचा. 'मा. प्राचार्य डॉ. देशमुख सर, प्रा. जोशी आणि पवार' या मायन्यात पहिल्या व्यक्तीला चार मानचिन्हे मिळाली आहेत, दुसरीला एक आणि तिसरीला एकही नाही. पवार हे लिपिक असतील आणि रोज त्यांना याच नावाने हाक मारली जात असेल; परंतु लेखी मायन्यात, तेही प्राचार्यांच्या शेजारी, नुसते 'पवार' असे लिहिणे हे पदाचा क्रम दाखविणे नसून मान काढून घेणे आहे. दर्जातील अंतर क्रमाने दाखवावे, उपपदाच्या अभावाने दाखवू नये. प्रत्येक नावाला किमान एक उपपद असावे आणि शक्य तो एकच असावे.

'श्री.' आणि 'डॉ.' एकत्र लिहिणे अनावश्यक आहे, 'डॉ.' असेल तेथे 'श्री.' गळते. 'प्रा. डॉ.' हे जोडरूप महाराष्ट्रातील महाविद्यालयांत इतके रूढ आहे की ते चुकीचे म्हणणे कठीण, परंतु मायन्यापेक्षा ते नावाच्या पाटीवर शोभते. 'सर' आणि 'मॅडम' हे शब्द मराठीत नावानंतर येतात: 'देशमुख सर', 'शिंदे मॅडम'. ते वापरावयाचे असतील, तर ज्यांना प्रत्यक्ष बोलताना तसे म्हटले जाते त्या सर्वांना वापरावेत, अन्यथा कोणालाही वापरू नयेत.

'मा.' हे संक्षिप्त रूप 'माननीय' यासाठी वापरले जाते, पण 'माजी' या शब्दाचा संक्षेपही 'मा.' असाच केला जातो. 'मा. अध्यक्ष' म्हणजे माननीय अध्यक्ष की माजी अध्यक्ष, हे केवळ लिखाणावरून कळत नाही. एकाच ईमेलमध्ये विद्यमान व माजी असे दोन्ही पदाधिकारी असतील, तर 'माननीय' आणि 'माजी' हे दोन्ही शब्द पूर्ण लिहावेत. संक्षेपाने वाचणारी दोन अक्षरे अशा वेळी महाग पडतात.

स्त्रियांच्या उपपदांविषयी विशेष काळजी घ्यावी लागते. 'सौ.' आणि 'कु.' ही उपपदे वैवाहिक स्थिती सांगतात आणि कार्यालयीन पत्राला त्या माहितीशी कर्तव्य नसते. 'श्रीमती' हे उपपद कार्यालयीन व्यवहारात विवाहित, अविवाहित अशा सर्व स्त्रियांसाठी वापरले जाते. परंतु मराठी समाजात ते दीर्घकाळ विधवेच्या नावामागे लावले जात असल्याने काही स्त्रियांना, विशेषतः जुन्या पिढीतील, ते रुचत नाही. 'डॉ.', 'प्रा.' किंवा पदनाम उपलब्ध असेल तर तेच वापरल्याने हा प्रश्न मिटतो. तसे नसेल, तर ती व्यक्ती स्वतःच्या स्वाक्षरीत जे लिहिते ते घ्यावे.

'प्रिय' हे संबोधन अलीकडे ईमेलमध्ये सर्रास दिसते. मराठीत 'प्रिय' हा शब्द जवळिकीचा आहे. मित्राला, समवयस्काला किंवा लहानाला तो लावला जातो. असमान दर्जाच्या अनेक व्यक्तींना एकत्र संबोधताना तो वरिष्ठांच्या बाबतीत सलगीचा वाटतो. त्याऐवजी नावांनंतर 'सर्वांस सविनय नमस्कार' असे लिहिल्यास एकच वंदन सर्व दर्जांना चालते.

## सामूहिक संबोधन

नावे न घेता सर्वांना एकत्र संबोधताना मराठीत संबोधन विभक्तीचे रूप महत्त्वाचे ठरते. 'शिक्षकांनो', 'सभासदांनो' यांतील '-नो' हा प्रत्यय वडीलकीचा किंवा आदेशाचा सूर आणतो. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना 'विद्यार्थ्यांनो' म्हणणे योग्य, पण लिपिकाने शिक्षकांना 'शिक्षकांनो' म्हणणे खटकते. 'सदस्यहो', 'मित्रहो' यांतील '-हो' अधिक आदराचा आहे, परंतु तो भाषणाच्या आरंभाची आठवण करून देतो. ईमेलमध्ये संबोधनाचे रूप टाळून 'सर्व माननीय सदस्यांस सविनय नमस्कार' असे लिहिणे सर्वांत निर्धोक आहे.

सामूहिक संबोधनात एखादी व्यक्ती गटापेक्षा निराळ्या दर्जाची असेल, तर तिचा उल्लेख आधी स्वतंत्रपणे करतात: 'माननीय प्राचार्य आणि सर्व सहकारी अध्यापकांस'. गटात मात्र कोणा एकाचेच नाव घेऊ नये. 'डॉ. शिंदे व इतर' या शब्दप्रयोगातील 'इतर' कोणालाच आवडत नाही. 'महोदय/महोदया' हे तिरप्या रेघेचे रूप छापील अर्जासाठी आहे. प्राप्तकर्ते कोण हे लेखकाला माहीत असताना ते वापरल्यास पत्र कोणाला जाते याकडे लक्षच दिले नाही असे दिसते.

## एक उदाहरण

एका महाविद्यालयात २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाचे संयोजन एका अध्यापकाकडे आहे, असे समजू. त्याला सकाळी ११ ते १ या वेळेत सभागृह हवे आहे, ग्रंथालयातील ४० जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन मांडावयाचे आहे आणि ३,००० रुपये आगाऊ रक्कम हवी आहे. संबंधित व्यक्ती पाच आहेत: प्राचार्य डॉ. देशमुख, विभागप्रमुख डॉ. शिंदे, ग्रंथपाल श्रीमती कांबळे, कार्यालयीन अधीक्षक श्री. पवार आणि सभागृहाची व्यवस्था पाहणारे शिपाई श्री. मोरे. (आडनावे केवळ उदाहरणादाखल आहेत.) संयोजक घाईने लिहितो:

> प्रिय कांबळे मॅडम, देशमुख सर, पवार, शिंदे मॅडम आणि मोरे,

हा क्रम त्याच्या मनात कामे जशी आली तसा आहे. पुस्तकांचे काम मोठे, म्हणून ग्रंथपाल आधी. वाचणाऱ्यांना मात्र त्यात ग्रंथपाल प्राचार्यांच्या वर व विभागप्रमुख अधीक्षकांच्या खाली दिसतात आणि दोन कर्मचाऱ्यांच्या नावांना उपपदच नाही. पदानुसार तो सुधारल्यास असा होतो:

> प्राचार्य डॉ. देशमुख,
> विभागप्रमुख डॉ. शिंदे,
> ग्रंथपाल श्रीमती कांबळे,
> कार्यालयीन अधीक्षक श्री. पवार,
> आणि श्री. मोरे,
> सर्वांस सविनय नमस्कार.

ग्रंथपाल अधीक्षकांच्या आधी आहेत, कारण वरिष्ठ महाविद्यालयातील ग्रंथपालाचे पद शैक्षणिक पदांत मोडते. प्रत्येक नावाला पदनाम किंवा उपपद आहे. 'मा.' कोणालाच नाही, त्यामुळे तो कोठे थांबवावा हा प्रश्नही नाही. वरिष्ठांच्या नावामागे 'मा.' लिहिण्याची कार्यालयातील रीत कडक असेल तर तो पहिल्या दोन नावांपुरता न ठेवता सर्व नावांना लावावा.

मायना आता निर्दोष आहे, तरीही पत्र काम करीत नाही. याचे कारण मराठी सर्वनामात आहे. मजकुरात 'आपण सभागृह उपलब्ध करून द्यावे' असे लिहिले, तर 'आपण' म्हणजे पाचांपैकी कोण? मराठीतील 'आपण' एका आदरणीय व्यक्तीसाठी, अनेकांसाठी आणि बोलणाऱ्यासह सर्वांसाठीही चालतो. पाच नावांच्या मायन्यानंतर तो सर्वांना सारखाच लागू होतो, म्हणजेच कोणालाही लागू होत नाही. शिवाय पहिले नाव प्राचार्यांचे असल्याने उरलेले चौघे त्यांचे उत्तर येण्याची वाट पाहतात. वरिष्ठांच्या आधी 'हो, करतो' असे लिहिणे कनिष्ठांना प्रशस्त वाटत नाही. प्राचार्य दोन दिवस बाहेरगावी असले, तर दोन दिवस काहीच हलत नाही. दर्जानुसार लावलेल्या मायन्याची ही अंगभूत मर्यादा आहे.

म्हणून अनुभवी माणसे अशा ठिकाणी दोन पत्रे लिहितात. पहिले केवळ परवानगीचे: To मध्ये प्राचार्य, Cc मध्ये विभागप्रमुख, मायना 'माननीय प्राचार्य डॉ. देशमुख यांस' एवढाच आणि अखेरीस 'सभागृह व आगाऊ रक्कम यांस मंजुरी मिळावी, ही विनंती'. मंजुरी आली की दुसरे कार्यवाहीचे: To मध्ये ग्रंथपाल व अधीक्षक, Cc मध्ये प्राचार्य व विभागप्रमुख.

> ग्रंथपाल श्रीमती कांबळे आणि कार्यालयीन अधीक्षक श्री. पवार,
> सविनय नमस्कार.
> माननीय प्राचार्यांनी कार्यक्रमास मंजुरी दिली आहे. श्रीमती कांबळे यांनी ४० पुस्तकांची निवड २० फेब्रुवारीपर्यंत कळवावी. श्री. पवार यांनी ३,००० रुपये आगाऊ रक्कम आणि २७ तारखेस सकाळी १० वाजल्यापासून सभागृह उपलब्ध करून द्यावे, ही विनंती. आसनव्यवस्थेसाठी श्री. मोरे यांना आपल्यामार्फत सूचना व्हावी.
>
> माननीय प्राचार्य व माननीय विभागप्रमुख यांना माहितीस्तव सविनय सादर.

प्रत्येक काम आता नाव घेऊन सांगितले आहे. शिपायाला थेट पत्र गेलेले नाही, कारण तो अधीक्षकांच्या हाताखाली काम करतो आणि त्याला परस्पर सांगितल्यास अधीक्षक डावलले जातात. 'आपल्यामार्फत' या शब्दातील 'आपण' लगतच्या वाक्यामुळे अधीक्षकांनाच लागतो. शेवटची ओळ हीच कागदी पत्राच्या तळाची जुनी नोंद. Cc ने पुसून टाकलेला 'सादर' आणि 'रवाना' यांतील भेद तिने परत आणला आहे. दोन वरिष्ठांची नावे मायन्यात नसूनही त्यांचा मान राखला गेला.

## दोषांची लक्षणे आणि उत्तराचा मायना

मायन्यातील दोष सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तो उत्तरांवरून ओळखावा लागतो. ज्याच्याकडून कृती अपेक्षित आहे तो गप्प आणि इतर कोणीतरी 'पाहतो' असे कळवितो, तेव्हा काम कोणाचे हे मायन्यातून व मजकुरातून स्पष्ट झालेले नसते. वरिष्ठांकडून उत्तर येते, पण त्यात वगळलेल्या एखाद्या व्यक्तीचा पत्ता जोडलेला असतो, तेव्हा ते मायन्यातील उणीव शांतपणे दुरुस्त करीत असतात. पुढील पत्रात तो दुरुस्त क्रम पाळावा.

'सर्वांना उत्तर द्या' या सोयीने उत्तर लिहिताना पत्त्यांचा क्रम बदलतो. मूळ लेखक आता To मध्ये येतो आणि इतर प्राप्तकर्ते पुष्कळदा Cc मध्ये जातात. अधीक्षकांनी संयोजकाला उत्तर देताना प्राचार्यही त्याच साखळीत असतात. तरीही मायना संयोजकाच्याच नावाचा असावा, कारण उत्तर त्याला आहे. पत्रांची साखळी लांबली तर मधल्या काळात कोणाची पदोन्नती, बदली किंवा निवृत्ती झालेली असू शकते. पहिल्या पत्रातील मायना उचलून तसाच चिकटविणाऱ्याला अशा वेळी उपप्राचार्य म्हणून संबोधलेले गृहस्थ प्राचार्य झालेले आढळतात.

## इतर भाषांतील संकेत

जपानी कार्यालयीन ईमेलमध्ये प्राप्तकर्त्यांची नावे दर्जानुसार उतरत्या क्रमाने, प्रत्येकापुढे 'सामा' हे आदरार्थी उपपद लावून लिहितात. Cc मधील व्यक्तींची नावे मायन्याखाली कंसात 'CC' असे नमूद करून देण्याची रीतही तेथे आहे. म्हणजे साक्षीदार कोण हे उघडपणे सांगितले जाते. अनेकांना एकत्र संबोधण्यासाठी 'काकुइ' हा शब्द असून त्यातच आदर असल्याने त्यापुढे 'सामा' लावणे द्विरुक्ती मानतात, मराठीतील 'श्री. डॉ.' सारखाच हा प्रकार आहे. जर्मन औपचारिक पत्रात प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळीत संपूर्ण संबोधन देतात आणि स्त्री-पुरुषानुसार विशेषणाचे रूपही बदलते, त्यामुळे नावे अनेक असली तरी कोणाचे उपपद गळण्यास वाव राहत नाही. इंग्रजीत आडनावाऐवजी पहिले नाव वापरण्याची प्रथा वाढल्याने दर्जा मुख्यतः क्रमातच उरतो. भारतातील इंग्रजी ईमेलमध्ये मात्र पहिल्या नावानंतर 'सर' किंवा 'मॅडम' जोडून तो पुन्हा शब्दात आणला जातो.